इंग्रजी एजन्सीची कॉपी, नेपाळी बातमी: जाजरकोटच्या भूकंपावरून शिकताना

नेपाळी डेस्कवर नव्याने बसणाऱ्या मराठी माणसाला काम सुरुवातीला सोपं वाटतं. लिपी आपलीच, निम्मे शब्द ओळखीचे, क्रियापद वाक्याच्या शेवटी. व्याकरणाच्या चुका संपादक लाल करून देतात आणि त्या महिन्या-दोन महिन्यांत सुटतात. खरा घोळ होतो तो आकडे, वेळ, तारीख आणि ‘हे कोण म्हणालं’ यांचा. वाक्य शुद्ध असतं, वाचायला छान असतं आणि बातमी चुकलेली असते.

म्हणून इथे एकच घटना घेऊन, कॉपी हातात पडल्यापासून बातमी जाईपर्यंत काय काय करायचं ते सांगतो. घटना आहे ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीचा पश्चिम नेपाळमधला भूकंप. कर्णाली प्रदेशातल्या जाजरकोट आणि रुकुम पश्चिम या दोन जिल्ह्यांत त्याने सर्वाधिक बळी घेतले. वेळ, कालगणना, आकडे, दोन संस्थांची वेगवेगळी मापं आणि नंतर खाली आलेला मृतांचा आकडा, अशा सगळ्या अडचणी या एका बातमीत सापडतात.

आधी कॉपी नीट वाचा, लिहायला बसू नका

समजा ४ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, तुमच्यासमोर इंग्रजी कॉपी आली आहे. खालचा सारांश मी सरावासाठी परदेशी एजन्सीच्या साच्यात बसवला आहे. कुठल्या एका कॉपीचा तो उतारा नाही.

१. काठमांडू. नेपाळच्या दुर्गम, डोंगराळ पश्चिम भागाला शुक्रवारी रात्री उशिरा जोरदार भूकंपाने हादरवलं. किमान १३२ जण मरण पावले, असं पोलिसांनी शनिवारी सांगितलं. ढिगाऱ्यात अडकलेल्यांना गावकरी नुसत्या हातांनी उकरून काढत होते.

२. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या प्राथमिक मापनानुसार तीव्रता ५.६. नेपाळच्या भूकंप केंद्राच्या मते ६.४. धक्का स्थानिक वेळेनुसार रात्री ११.४७ ला बसला. केंद्रबिंदू जाजरकोट जिल्ह्यात.

३. मृत जाजरकोट आणि रुकुम पश्चिम या जिल्ह्यांतले. शंभराहून अधिक जखमी, असं पोलिसांचं म्हणणं.

४. पंतप्रधान पुष्पकमल दाहाल, एकेकाळचे माओवादी बंडखोर नेते, शनिवारी डॉक्टरांचं पथक घेऊन तिकडे रवाना झाले.

५. दरडींमुळे रस्ते अडले असून मदत पोचायला वेळ लागतो आहे, असं अधिकारी सांगतात. जाजरकोटची लोकसंख्या सुमारे १,९०,०००. गावं डोंगरांत विखुरलेली.

६. हादरे नवी दिल्लीपर्यंत जाणवले.

७. चीन आणि भारत यांच्यामध्ये वसलेला हा हिमालयीन देश भूकंपप्रवण आहे. २०१५ मध्ये झालेल्या भूकंपांत जवळजवळ ९,००० लोक दगावले होते.

वाचायला सुरुवात करण्याआधी मथळ्याच्या वरची ओळ बघायची. कॉपी पहिलीच आहे की सुधारित, ‘दुरुस्ती’ असा शिक्का आहे का, किती वाजता सुटली, हे तिथे असतं. मोठ्या घटनेच्या दिवशी एकाच बातमीच्या पाच-सहा आवृत्त्या रांगेत येतात आणि नवखा माणूस पहिली उघडलेली कॉपी घेऊन बसतो. तो लिहीत असतो तेव्हा वायरवर आकडा बदललेला असतो. त्यामुळे आधी रांगेतली शेवटची आवृत्ती शोधा आणि तिची वेळ कागदावर लिहून ठेवा.

मग त्याच कागदावर कॉपीतली प्रत्येक वस्तुस्थिती तीन रकान्यांत उतरवा: काय, कोणाच्या हवाल्याने, कधीपर्यंतचं. ‘१३२ मृत – पोलीस – शनिवार सकाळ.’ ‘६.४ – नेपाळचं केंद्र.’ ‘५.६ – अमेरिकी संस्था, प्राथमिक.’ ‘दाहाल रवाना – कॉपीत हवाला नाही, उघड घटना.’ हे पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर इंग्रजी कॉपी बाजूला सारून या कागदावरून नेपाळी लिहायचं. इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं की वाक्याची इंग्रजी ठेवणच नेपाळीत उतरते, आणि वर लांबीही कमी होत नाही.

वेळ आणि तारीख

नेपाळची वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या पावणेसहा तास पुढे आहे, म्हणजे आपल्याही १५ मिनिटं पुढे. या भूकंपाची वेळ अमेरिकी संस्थेच्या नोंदीत १८.०२, दिल्लीहून सुटलेल्या कॉपीत रात्री ११.३२ आणि काठमांडूच्या कॉपीत ११.४७ अशी दिसेल. तिन्ही बरोबर आहेत. नेपाळी बातमीत मात्र ११:४७ एवढंच जाईल आणि कंसात दुसरी वेळ देण्याची गरज नाही. मराठी माणूस भारतीय वृत्तसंस्थेची कॉपी वाचताना ११.३२ हा आकडा सहज उचलतो, कारण ती त्याच्या स्वतःच्या घड्याळातली वेळ असते. कॉपीत नुसतं ‘रात्री ११.३२’ असेल आणि कोणत्या देशाची वेळ ते लिहिलं नसेल, तर कॉपी कुठून सुटली ते बघा आणि दुसऱ्या कॉपीशी ताडून घ्या.

तारखेचं काम यापेक्षा नाजूक. नेपाळमध्ये सरकारी आणि वृत्तपत्री व्यवहार विक्रम संवताने चालतो. नवं वर्ष एप्रिलच्या मध्यावर वैशाखात सुरू होतं. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनात ५७ मिळवायचे, जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. वर्षाचं एवढं गणित डोक्यात होतं. महिना आणि दिवस यांचं होत नाही, कारण तिथल्या सौर महिन्यांचे दिवस २९ ते ३२ असे दरवर्षी वेगवेगळे पडतात. तिथे पात्रोच उघडायचा. नेपाळी दिनदर्शिकेला पात्रो म्हणतात. ३ नोव्हेंबर २०२३ म्हणजे कात्तिक १७, २०८०. बातमी शनिवारची, म्हणून तिच्यावरची तारीख १८ कात्तिक.

नावं ओळखीची असल्याने इथे आपला पाय हमखास घसरतो. नेपाळी कात्तिक आणि आपल्या पंचांगातला कार्तिक एकाच वेळी सुरू होत नाहीत. आपला चांद्र, त्यांचा सौर. घरातल्या कालनिर्णयात बघून नेपाळी तारीख लिहिणारा माणूस मी पाहिला आहे. आपण मराठी असल्याचा हा तोटा.

मागच्या घटनांचे सनही बदलायचे असतात. कॉपीतलं ‘२०१५’ नेपाळी बातमीत ‘२०७२ साल’ होतं, आणि तो दिवस, २५ एप्रिल, वाचकाला ‘वैशाख १२’ म्हणून पाठ आहे. याच्या उलटी गंमत १९३४ च्या भूकंपाची. तो १५ जानेवारीला झाला, म्हणजे माघ २, १९९० ला. नेपाळी लोक त्याला ‘नब्बे सालको भूकम्प’ म्हणतात. स्थानिक मजकुरात ‘१९९०’ दिसलं की तो इसवी सन समजून वाक्य रचू नका. परदेशातल्या घटनेची बातमी असेल, म्हणजे अमेरिकेची निवडणूक किंवा कतारचा कायदा, तर बहुतेक ठिकाणी इसवी सन तसाच ठेवून पुढे ‘सन्’ लावतात: ‘सन् २०२२ मा’. आपल्या डेस्कचा रिवाज काय आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दोन तीव्रता, दोन मालक

५.६ आणि ६.४ यांतला खरा आकडा कोणता, असा प्रश्न नवखा विचारतो आणि मोठा दिसतो तो मथळ्यात टाकतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळ्या पद्धतींची मापं आहेत. नेपाळचं राष्ट्रिय भूकम्प मापन तथा अनुसन्धान केन्द्र स्थानिक तीव्रता देतं, जवळच्या उपकरणांवरून काढलेली. अमेरिकी संस्था अशा भूकंपासाठी सहसा मोमेंट तीव्रता देते, जी भूभागाचं सरकणं किती मोठं होतं यावरून काढतात. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. २०७२ च्या भूकंपालाही नेपाळच्या केंद्राने ७.६ म्हटलं आणि अमेरिकी संस्थेने ७.८. तेव्हा नेपाळचा आकडा लहान होता, या वेळी मोठा. त्यामुळे ‘यांचा नेहमी जास्त असतो’ असाही नियम बांधता येत नाही.

करायचं एवढंच: नेपाळी वाचकासाठी देशातल्या अधिकृत केंद्राचा आकडा आधी, त्या केंद्राच्या नावासकट, दुसरा हवा असल्यास पुढच्या वाक्यात, त्याच्या मालकासकट. दोहोंची सरासरी काढायची नाही आणि ‘सुमारे सहा’ असंही म्हणायचं नाही. एका आकड्याला दुसऱ्याचं नाव चिकटलं की बातमी खोटी होते, आणि असली चूक पटकन पकडली जात नाही, कारण दोन्ही आकडे त्या दिवशी सगळीकडे फिरत असतात. ‘प्राथमिक’ हा शब्दही गाळू नका. अमेरिकी संस्थेचा ५.६ पुढे ५.७ झाला. ‘प्रारम्भिक मापन’ असं लिहून ठेवलेलं असेल तर तुमची पहिली बातमी दुसऱ्या दिवशीही चूक ठरत नाही.

हवाला वाक्याच्या शेपटीत असतो

इंग्रजीत ‘पोलिसांनी सांगितलं’ हा तुकडा वाक्याच्या आगेमागे कुठेही येतो आणि तो काढला तर जागा रिकामी दिसते. नेपाळीत, मराठीसारखाच, तो क्रियापदाच्या रूपात शेवटी येतो:

‘…१३२ जनाको मृत्यु भएको प्रहरीले जनाएको छ ।’

आता वाक्य लांब झालं म्हणून शेवटचे तीन-चार शब्द उडवून ‘…१३२ जनाको मृत्यु भएको छ ।’ केलं, तर वाक्य जास्तच सुबक वाटतं. पण पोलिसांचं विधान आता तुमच्या वर्तमानपत्राचं विधान झालं. बातमी लहान करताना कात्री नेहमी शेपटीवर चालते आणि नेपाळीत हवाला नेमका तिथेच असतो. म्हणून शब्द कमी करायचे असतील तर विशेषणांतून करा, शेवटच्या क्रियापदातून नको. वाक्य फारच लांबत असेल तर हवाला पुढे आणता येतो: ‘प्रहरीका अनुसार’ ने सुरुवात करून शेवटी नुसतं ‘भएको छ’.

हवाल्याची क्रियापदंही सारखी नसतात. कार्यालय, खातं, संस्था असेल तर ‘जनाएको छ’. माणूस असेल तर ‘बताए’, ‘भने’. कागदपत्रात असेल तर ‘उल्लेख छ’. इंग्रजी कॉपीत साधं ‘म्हणाले’ असताना तुम्ही ‘दाबी गरे’ लिहिलंत, तर त्या माणसावर तुम्ही संशय घेतला. ‘स्पष्ट पारे’ लिहिलंत, तर तो खरं बोलतो अशी ग्वाही दिलीत. कॉपीत मुळात ‘दावा’ असेल तरच ‘दाबी’. ‘पुष्टि’ हा शब्द तर जपून ठेवा. ज्याने खात्री केली त्याचं नाव कॉपीत आहे का ते बघितल्याशिवाय तो वापरू नये.

आणखी एक रूप टाळायचं: ‘भएछ’, ‘रहेछ’. बोलताना ते अगदी सहज येतं, कारण नुकतंच कळलेल्या गोष्टीचं आश्चर्य त्यात असतं. बातमीत तेच आश्चर्य नको असतं.

तटस्थपणा: विशेषणं काढून भागत नाही

पहिल्या परिच्छेदातलं ‘दुर्गम’, ‘जोरदार’, ‘हादरवलं’ काढणं सोपं आहे. मराठी बातम्या वाचून वाढलेल्या आपल्या हातात ‘काळाचा घाला’, ‘दुर्दैवी अंत’ असे शब्दप्रयोग तयार असतात आणि नेपाळीत त्यांचे भाऊबंद आहेतच. ‘विनाशकारी’, ‘हृदयविदारक’ यांना छोट्या बातमीत जागा नाही. मेलेल्यांसाठी ‘मृत्यु’ हा एकच शब्द सगळ्यांना चालतो. ‘निधन’ मानाचा, तो प्रतिष्ठित व्यक्तीला लावतात. गावकऱ्याला ‘मृत्यु’ आणि नेत्याला ‘निधन’ असं एकाच बातमीत होऊ देऊ नका. ‘मारिए’ म्हणजे कोणीतरी मारलं, तो शब्द चकमकीला किंवा हल्ल्याला. भूकंपाला नाही. आणि भूकंप नेपाळीत ‘जातो’: ‘भूकम्प गएको’. आपल्यासारखं ‘भूकम्प भयो’ अर्थ पोचवेल, पण नेपाळी कानाला ‘गयो’च सहज.

यापेक्षा अवघड भाग आदरार्थाचा. नेपाळीत क्रियापदाची पायरी निवडल्याशिवाय माणसाबद्दल वाक्यच पुरं होत नाही. सरकारी माध्यमं, म्हणजे गोरखापत्र, रेडियो नेपाल आणि राष्ट्रिय समाचार समिति (डेस्कवरची ‘रासस’), वरची पायरी वापरतात: ‘प्रधानमन्त्रीले बताउनुभयो’. बहुतेक खाजगी दैनिकं मधली: ‘प्रधानमन्त्रीले बताए’. दोन्ही रिवाज चालतात, आणि कोणता पाळायचा ते तुमच्या संस्थेने ठरवलेलं असतं. चूक होते ती मिसळ केल्यावर. पंतप्रधान ‘जानुभयो’, पोलीस अधिकारी ‘बताए’ आणि आरोपी ‘भाग्यो’, अशी बातमी वाचली की कोणाला किती मान द्यायचा हे बातमीदाराने ठरवून टाकल्याचं दिसतं. खालची पायरी आरोपीलाही लावायची नाही; न्यायालयाने दोषी ठरवलं तरी नाही. मधली पायरी निवडली असेल तर पंतप्रधान ‘गए’, आरोपी ‘भागे’. बाईंसाठी मधल्या पायरीला वेगळं रूप आहे, ‘बताइन्’, ते इंग्रजी कॉपीत नुसत्या नावावरून कळत नाही. नाव स्त्रीचं की पुरुषाचं हे अंदाजाने ठरवू नका. कॉपीत पुढे सर्वनाम येतं, तिथे बघा.

दाहालांच्या नावापुढचं ‘एकेकाळचे माओवादी बंडखोर नेते’ हे परदेशी वाचकासाठी आहे. त्यात खोटं काही नाही, पण भूकंपाच्या बातमीत नेपाळी वाचकाला ते टोमण्यासारखं लागतं. पद आणि नाव पुरे. आणि नाव ‘दाहाल’, हिंदी सवयीने ‘दहल’ नव्हे. तसंच ‘काठमाडौं’, ‘काठमांडू’ आपल्या मराठीत ठीक. रोमन लिपीतून गावाचं नाव कानाच्या भरवशावर उतरवू नका. सरकारी यादीत किंवा त्या पालिकेच्या संकेतस्थळावर देवनागरी नाव मिळतं, तेच घ्या. जिल्ह्याच्या बाबतीत ‘रुकुम’ एवढंच लिहून भागत नाही, कारण नव्या संघीय रचनेत जुन्या रुकुमचे दोन जिल्हे झाले. रुकुम पश्चिम कर्णालीत, रुकुम पूर्व लुम्बिनी प्रदेशात. कॉपीत नुसतं ‘रुकुम’ असेल तर दुसरा स्रोत उघडून पश्चिम आहे याची खात्री करा.

काय गाळायचं, काय ठेवायचं

परदेशी एजन्सी नेपाळबद्दल जगाला सांगत असते. तुम्ही नेपाळबद्दल नेपाळ्यांना सांगता. म्हणून सातव्या परिच्छेदातलं ‘चीन आणि भारत यांच्यामध्ये वसलेला’ सरळ गेलं. २०७२ चा उल्लेखही या आकाराच्या बातमीत मी ठेवणार नाही. वाचक तो जगला आहे. दिल्लीत हादरे जाणवले हे दिल्लीकरांसाठी. नुसत्या हातांनी उकरणारे गावकरी ही डोळ्यांसमोर उभी राहणारी ओळ आहे आणि ती गाळताना जिवावर येतं, पण हवाल्याशिवाय ती छोट्या बातमीत भावना ढवळण्यापुरतीच उरते. ती मोठ्या वृत्तांतात जाऊ दे.

आकड्यांमध्ये ‘किमान’ आणि ‘हून अधिक’ हे शब्द आकड्याचाच भाग समजा. ‘किमान १३२’ म्हणजे ‘कम्तीमा १३२ जना’. ‘शंभराहून अधिक’ म्हणजे ‘एक सयभन्दा बढी’. त्याचं ‘सयौँ’ करू नका. ‘सयौँ’ म्हणजे शेकडो, आणि १०५ जखमींना शेकडो कोणी म्हणत नाही. माणसं मोजताना ‘जना’ आणि वस्तू मोजताना ‘वटा’ लावावं लागतं, मराठीत ही गरज नसल्याने ते सुटतं. इंग्रजी ‘कॅज्युअल्टी’चं ‘हताहत’ करताना थांबा: त्यात मृत आणि जखमी दोन्ही येतात, तेव्हा त्याचं ‘मृतक’ केलं तर आकडा फुगला.

पैशांची बातमी असती तर आणखी दोन गोष्टी आल्या असत्या. एक मिलियन म्हणजे दश लाख, आणि एक बिलियन म्हणजे एक अर्ब. आपला ‘अब्ज’ तिथे चालत नाही. आणि ‘रुपये’ कुणाचे हे दर वेळी बघायचं. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. या भूकंपात नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी २ लाख नेपाळी रुपये जाहीर केले. भारतीय रुपयांत ते सव्वा लाख. दिल्लीच्या कॉपीत सव्वा लाख दिसला आणि तुम्ही तो तसाच ‘रुपैयाँ’ म्हणून लिहिला, तर मदत पाऊण लाखाने कमी झाली. डेस्कवर भारतीय रुपयाला ‘भारु’ म्हणतात, गरज पडल्यास बातमीतही तसं लिहितात.

आता बातमी

वरच्या कागदावरून, मधल्या पायरीचा आदरार्थ धरून, साधारण इतकी बातमी होते:

> भूकम्पबाट जाजरकोट र रुकुम पश्चिममा कम्तीमा १३२ जनाको मृत्यु
>
> काठमाडौं, १८ कात्तिक । जाजरकोट केन्द्रबिन्दु भएर शुक्रबार राति गएको भूकम्पबाट जाजरकोट र रुकुम पश्चिममा कम्तीमा १३२ जनाको मृत्यु भएको प्रहरीले जनाएको छ ।
>
> प्रहरीका अनुसार भूकम्पबाट एक सयभन्दा बढी घाइते भएका छन् ।
>
> राष्ट्रिय भूकम्प मापन तथा अनुसन्धान केन्द्रका अनुसार राति ११:४७ बजे गएको भूकम्पको म्याग्निच्युड ६.४ थियो । अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणको प्रारम्भिक मापनमा भने यसको म्याग्निच्युड ५.६ छ ।
>
> पहिरोले बाटो अवरुद्ध भएकाले सहयोग पुग्न समय लागेको अधिकारीहरूले बताएका छन् ।
>
> प्रधानमन्त्री पुष्पकमल दाहाल चिकित्सक टोलीसहित शनिबार प्रभावित क्षेत्रतर्फ गएका छन् । –एजेन्सी

पहिल्या वाक्यात कुठे, कधी, काय, किती आणि कोणाच्या हवाल्याने हे सगळं आलं, तरी ते एका श्वासात वाचता येतं. घड्याळाची नेमकी वेळ मुद्दाम तिसऱ्या परिच्छेदात ठेवली आहे. पहिल्याच वाक्यात ती कोंबली तर क्रियापदापर्यंत पोचताना वाचक दमतो. जखमींचा आकडा ‘कम्तीमा १३२’ च्या वाक्यात जोडता आला असता, पण दोन आकडे एका वाक्यात आले की नंतर एक बदलताना दुसरा चुकून बदलतो. मथळ्यातही ‘कम्तीमा’ ठेवलं आहे. जागा कमी पडली तर ‘कम्तीमा’ जाऊ न देता ‘र रुकुम पश्चिममा’ जाऊ द्यावं, असं माझं मत. काही संपादक उलट करतात.

शेवटचा ‘एजेन्सी’ हा उल्लेख सोडायचा नाही, आणि ज्या एजन्सीचं सदस्यत्व तुमच्या संस्थेने घेतलं आहे तिचीच कॉपी वापरायची. पात्रो, पालिकेची यादी हे तपासणीसाठी बघणं वेगळं. पण दुसऱ्या माध्यमातला एखादा नवा तपशील या बातमीत घातला आणि खाली फक्त एजन्सीचं नाव ठेवलं, तर एजन्सीने न म्हटलेलं तिच्या तोंडी गेलं. त्या तपशिलाला वाक्यातच स्वतःचा हवाला द्या.

पाठवण्याआधी तपासताना बातमी वरून खाली वाचू नका. कागदाचे रकाने घेऊन प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव बातमीत बोट ठेवून शोधा. वरून खाली वाचताना डोळा ओघात वाहतो आणि ६.४ च्या जागी ४.६ लिहिलेलं दिसत नाही. पूर्णविरामाच्या जागी दंड आहे का, ‘नेपाल मा’ असं सुटं न राहता ‘नेपालमा’ जोडलं आहे का, हेही याच फेरीत. दोन्ही भाषांचे अंक एकाच देवनागरीतले असल्याने मराठी कळपाटावरून टंकलेले अंक चालतात. नेपाळी छापात ५, ८ आणि ९ थोडे निराळे दिसले तर ते फक्त टंकाचं रूप असतं.

आकडा बदलतो तेव्हा

मृतांची संख्या त्याच दिवशी वाढत १५७ वर गेली: जाजरकोट १०५, रुकुम पश्चिम ५२. अशा वेळी जुन्या बातमीत १३२ खोडून १५७ एवढंच करायचं नसतं. हवालाही बदलला आहे का ते बघा. सकाळी पोलीस, दुपारी गृहमंत्रालय असं होतं. जिल्ह्यांचे आकडे आणि एकूण आकडा जुळतात का याची बेरीज करा. जुळत नसतील तर बहुधा दोन वेगळ्या वेळांचे किंवा दोन वेगळ्या कार्यालयांचे आकडे एकाच कॉपीत आले आहेत. मग जिल्ह्यांचे गाळून फक्त एकूण ठेवा. स्वतः बेरीज करून नवा ‘एकूण’ तयार करू नका, कारण तो कोणीच सांगितलेला नाही.

नंतर पडताळणीत जाजरकोटचा आकडा १०५ वरून १०१ झाला आणि एकूण १५३ उरले. आकडा खाली येतो तेव्हा नवख्याला वाटतं की आपलंच वाचण्यात चुकलं, आणि तो मोठा आकडा ठेवून देतो. खाली आलेला आकडा हवाल्यासकट, आधीचा आकडा सांगून लिहायचा: ‘यसअघि १५७ जनाको मृत्यु भएको जनाइएकोमा पछिल्लो विवरणअनुसार मृतकको सङ्ख्या १५३ छ ।’ आणि ज्या बातमीत १५७ गेलं होतं तिच्या खाली दुरुस्तीची ओळ, तारखेसकट, कात्तिकातल्या.